सीबीसीचा रिपोर्ट कसा वाचावा: ठळक आकड्यापासून त्यामागच्या कारणापर्यंत

डॉक्टर जी रक्ततपासणी सर्वांत जास्त वेळा लिहून देतात, ती सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी. या तपासणीचा एका पानाचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण पहिल्यांदा ठळक छापलेले आकडे शोधतात, त्यापुढे ‘एच’ लिहिले आहे की ‘एल’ हे पाहतात आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्या एका अक्षराचा धसका घेऊन बसतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि रिपोर्ट देताना मला सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे ‘रक्त कमी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर हिमोग्लोबिनच्या ओळीत मिळते. पण त्यानंतर विचारायला हवा असा प्रश्न, म्हणजे ‘रक्त का कमी आहे?’, त्याचा माग त्याच पानावर हिमोग्लोबिनखालच्या चार-पाच ओळींत असतो, आणि त्या ओळी रुग्ण सहसा वाचत नाहीत. हा लेख मुख्यतः त्या ओळींसाठी आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांच्याकडे आपण शेवटी आवश्यक तेवढेच वळू.

आकड्यांआधी वरचा मजकूर

रिपोर्टच्या वरच्या भागात नाव, वय, लिंग आणि रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते. हा मजकूर आधी वाचावा, कारण नाव किंवा वय चुकले असेल तर पुढचे सगळेच फोल ठरते. संगणक पुरुषांसाठी वेगळी आणि स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा छापतो, त्यामुळे लिंग चुकीचे नोंदले गेले तर निरोगी स्त्रीचा आकडाही ठळक छापला जातो.

सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए नावाचे रसायन असते. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. उपाशीपोटी घेतलेली साखर किंवा लिपिड प्रोफाइल त्याच वेळी करायचे असते, म्हणून ‘काही खाऊन येऊ नका’ असे सांगितले जाते. दोन गोष्टींनी मात्र आकडे खरोखर बिघडतात. रुग्णालयात दाखल असताना ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले, तर ते पातळ होते आणि हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट हे तिन्ही आकडे एकदम घसरलेले दिसतात. नळी नीट हलवली नाही आणि आत बारीक गुठळी झाली, तर प्लेटलेट कमी मोजल्या जातात. कालच्या रिपोर्टशी आजचा अजिबात जुळत नसेल आणि रुग्णाच्या अंगात तसा काही फरक दिसत नसेल, तर घाबरण्याआधी नमुना पुन्हा द्यावा.

संदर्भ मर्यादेचा खरा अर्थ

उजव्या रकान्यात छापलेली संदर्भ मर्यादा म्हणजे निरोगी आणि आजारी यांच्यामधली भिंत नव्हे. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचे आकडे घेतात, त्यांतील अगदी खालचे अडीच टक्के आणि अगदी वरचे अडीच टक्के बाजूला ठेवतात आणि मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा छापतात. म्हणजेच पूर्ण निरोगी असलेल्या वीस जणांपैकी एकाचा आकडा कोणत्याही तपासणीत मर्यादेबाहेर जाणार, हे या पद्धतीतच गृहीत धरलेले असते. सीबीसीच्या पानावर वीसेक आकडे असतात. त्यांपैकी एखादा मर्यादेला किंचित ओलांडून ठळक झाला, तर तेवढ्यावरून आजार ठरत नाही. शेजारचे आकडेही त्याच दिशेने सरकले आहेत का, हे आधी पाहावे लागते.

संगणकाला रुग्ण गरोदर आहे की नाही हे ठाऊक नसते, हीसुद्धा लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली आणि गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत ११ च्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. गरोदरपणात रक्तातील पाण्याचा भाग वाढतो आणि आकडा थोडा उतरतो, त्यामुळे ११.४ हा आकडा रिपोर्टवर ठळक छापला गेला तरी गरोदर स्त्रीसाठी तो रक्तक्षय नसतो. लहान मुलांची मर्यादाही निराळी असते, म्हणून मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापली आहे का, हे तपासून घ्यावे.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. साठीच्या एखाद्या गृहस्थांचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे १६ च्या आसपास होते आणि या वर्षी ते १३.२ आले. हा आकडा मर्यादेत आहे, त्यामुळे संगणक त्याला ठळक करणार नाही आणि कोणाचे लक्षही जाणार नाही. पण एका वर्षात जवळपास तीन ग्रॅमची घट कशामुळे झाली, हे शोधायलाच हवे. म्हणूनच जुने रिपोर्ट फेकू नयेत. छापील मर्यादेपेक्षा आपलाच मागचा आकडा पुष्कळदा अधिक सांगून जातो. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की दोन वेगळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांत, किंवा एकाच ठिकाणी दोन दिवसांनी केलेल्या तपासणीत, अर्ध्या ग्रॅमपर्यंतचा फरक सहज पडू शकतो.

प्रत्यक्ष एक रिपोर्ट

आता एक रिपोर्ट समोर ठेवू. ३६ वर्षांच्या एका शिक्षिकेला जिना चढताना धाप लागत होती, केस गळत होते आणि वर्गात उभे राहून शिकवताना थकवा येत होता. डॉक्टरांनी सीबीसी करायला सांगितली. रिपोर्टमधील तांबड्या पेशींशी संबंधित भाग असा होता.

| तपासणी | आलेला आकडा | छापलेली मर्यादा |
|---|---|---|
| हिमोग्लोबिन | ९.१ ग्रॅम | १२ ते १५ |
| तांबड्या पेशींची संख्या | ४३.५ लाख | ३८ ते ४८ लाख |
| पीसीव्ही | ३०.२ टक्के | ३६ ते ४६ |
| एमसीव्ही | ६९.४ | ८३ ते १०१ |
| एमसीएच | २०.९ | २७ ते ३२ |
| आरडीडब्ल्यू | १८.६ टक्के | ११.६ ते १४ |
| प्लेटलेट | ४.६२ लाख | १.५ ते ४.१ लाख |

तांबड्या पेशींची संख्या बहुतेक रिपोर्टवर दशलक्षात, म्हणजे ४.३५ अशी छापलेली असते. वाचायला सोपे जावे म्हणून मी ती लाखांत दिली आहे.

सात ओळींपैकी सहा ठळक होत्या. ‘मॅडम, माझं सगळंच बिघडलंय का हो?’ असे त्यांनी मला विचारले. सगळे बिघडलेले नव्हते. एकच गोष्ट बिघडली होती आणि सहाही ओळी तीच गोष्ट आपापल्या परीने सांगत होत्या.

पहिली पायरी: किती कमी आहे?

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींच्या आत असलेले, प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन आहे. रिपोर्टवरचा आकडा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे याचे माप. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत ११ ते ११.९ म्हणजे सौम्य, ८ ते १०.९ म्हणजे मध्यम आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. शिक्षिकेचा ९.१ हा आकडा मध्यम गटातला होता. पीसीव्ही म्हणजे एकूण रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग. तो साधारणपणे हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो आणि त्याच्याबरोबरच खाली-वर होतो, म्हणून या टप्प्यावर त्याची वेगळी काळजी करण्याचे कारण नसते.

आकड्याइतकाच तो किती वेगाने खाली आला याला अर्थ असतो. महिनोन्‌महिने हळूहळू ७ पर्यंत उतरलेल्या हिमोग्लोबिनवर माणूस घरकाम करताना दिसतो, कारण शरीराने जुळवून घेतलेले असते. तेच अपघातात किंवा प्रसूतीनंतर काही तासांत १२ वरून ८ वर आले, तर जिवावर बेतू शकते.

दुसरी पायरी: पेशी लहान की मोठ्या?

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. माझ्या मते हिमोग्लोबिननंतर डोळे थेट या ओळीवर जायला हवेत, कारण रक्तक्षयाच्या कारणांचा रस्ता येथे फुटतो. पेशी लहान असतील तर एका बाजूला जावे लागते, मोठ्या असतील तर दुसऱ्या.

तांबड्या पेशी हाडांतील मगजात तयार होतात आणि त्यांच्यात हिमोग्लोबिन भरण्यासाठी लोह लागते. घरात पीठ कमी असले आणि खाणारी तोंडे तेवढीच असली, की भाकऱ्या लहान थापल्या जातात. लोह कमी पडले की मगजात असेच काहीसे घडते आणि पेशी लहान, फिकट अशा बाहेर पडतात. लहानपणा एमसीव्हीत दिसतो आणि फिकेपणा एमसीएचमध्ये, म्हणजे एका पेशीतील हिमोग्लोबिनच्या सरासरी वजनात. शिक्षिकेचे हे दोन्ही आकडे स्पष्टपणे कमी होते, त्यामुळे पेशी लहानही होत्या आणि फिकटही.

तिसरी पायरी: सगळ्या सारख्याच लहान आहेत का?

आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातील विषमता सांगते. लोह एका दिवसात संपत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे चार महिन्यांपूर्वी बऱ्यापैकी लोह असताना तयार झालेल्या नेहमीच्या पेशी आणि गेल्या आठवड्यात तयार झालेल्या लहान पेशी रक्तात एकाच वेळी फिरत असतात. मोठ्या आणि लहान भाकऱ्या एकाच टोपलीत पडाव्यात तसे हे होते आणि आरडीडब्ल्यू वाढते. शिक्षिकेचे आरडीडब्ल्यू १८.६ होते. लहान पेशी आणि वाढलेले आरडीडब्ल्यू एकत्र दिसले की लोहाच्या कमतरतेचा संशय बळावतो.

ठळक छापलेल्या प्लेटलेटची वाढही या चित्रात बसते. लोह कमी असताना प्लेटलेट थोड्या वाढलेल्या दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि लोह भरून आले की त्या आपोआप खाली येतात.

चौथी पायरी: तांबड्या पेशींच्या संख्येकडे पाहणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते, आणि चुकली की त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागू शकते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पेशी लहान होण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक असणे. यात लोहाची कमतरता नसते. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकांपैकी एकात जन्मतः दोष असतो. वाहक व्यक्ती आजारी नसते, बहुतेकांना आयुष्यभर काही त्रासही होत नाही. मात्र पती आणि पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि अशा मुलाला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, पण वाहक कोणत्याही समाजात सापडतात.

सीबीसीत वाहकाची खूण अशी दिसते. हिमोग्लोबिन थोडेच कमी असते, समजा १०.९, एमसीव्ही मात्र त्या मानाने फारच कमी, समजा ६०, आणि तांबड्या पेशींची संख्या कमी होण्याऐवजी वाढलेली, समजा ५९ लाख. भाकऱ्या सगळ्या लहान, पण संख्येने भरपूर, अशी ही स्थिती. आरडीडब्ल्यू बहुधा नेहमीएवढे किंवा किंचितच वाढलेले असते, कारण सगळ्याच पेशी जन्मापासून सारख्या लहान असतात.

या दोन चित्रांतील फरक पटकन कळावा म्हणून एक साधा भागाकार वापरतात. तो १९७३ साली मेंट्झर यांनी मांडला, म्हणून त्याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. एमसीव्हीला दशलक्षात मोजलेल्या तांबड्या पेशींच्या संख्येने भागायचे. उत्तर १३ पेक्षा जास्त आले तर लोहाच्या कमतरतेकडे कल असतो, १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमिया वाहकाकडे. शिक्षिकेचे उत्तर ६९.४ भागिले ४.३५, म्हणजे जवळपास १६ आले. वरच्या काल्पनिक वाहकाचे ६० भागिले ५.९, म्हणजे १०.२ येते.

हा भागाकार केवळ दिशा दाखवतो, निदान करत नाही. एकाच व्यक्तीत दोन्ही गोष्टी असू शकतात आणि मग उत्तर फसवे येते. वाहक आहे की नाही हे एचपीएलसी नावाच्या तपासणीने ठरते. तीत हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर आढळले तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक मानतात. लोह फारच कमी असेल तर हे ए-टूसुद्धा थोडे खाली ओढले जाते, म्हणून शंका असल्यास लोह भरून काढल्यानंतर ती तपासणी पुन्हा करतात. लग्न ठरलेल्या किंवा बाळाचा विचार करणाऱ्या व्यक्तीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही कमी आणि पेशींची संख्या जास्त दिसत असेल, तर केवळ लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नये. एचपीएलसीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.

पाचवी पायरी: संशयाची खात्री

सीबीसी लोह मोजत नाही, ती लोहाच्या अभावाचे परिणाम दाखवते. साठा मोजण्यासाठी फेरिटिन तपासतात. प्रौढ व्यक्तीत ते १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपल्याचे मानतात. शिक्षिकेचे फेरिटिन ६ आले आणि संशय खरा ठरला.

फेरिटिनचा एक मोठा दोष माहीत असायला हवा. अंगात ताप, जंतुसंसर्ग, संधिवातासारखी सूज किंवा यकृताचा विकार असेल तर ते वाढते आणि साठा रिकामा असूनही आकडा चांगला दिसतो. म्हणून तापात केलेल्या फेरिटिनच्या ४० या आकड्यावर ‘लोह उत्तम आहे’ असा निष्कर्ष काढू नये. आजारातून उठल्यावर ते पुन्हा करणे किंवा सोबत सीआरपी करून आत सूज आहे का ते पाहणे योग्य ठरते. मधुमेह असलेल्या वाचकांसाठी येथेच आणखी एक गोष्ट सांगते. लोहाच्या कमतरतेत तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. दोन्ही विकार एकत्र असतील तर रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांच्या हे कानावर घालावे.

सहावी पायरी: लोह गेले कुठे?

लोहाची कमतरता हे निदानाचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे ती का झाली हे शोधणे. पाळीच्या वयातील स्त्रीत सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जास्त रक्तस्राव. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणे, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, गाठी पडणे या खुणा स्त्रिया ‘माझं पहिल्यापासून असंच आहे’ म्हणून सांगतच नाहीत. शिक्षिकेनेही विचारल्यावरच सांगितले, आणि सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आढळली.

पुरुषात, किंवा पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीत, लोहाची कमतरता आढळली तर ती खाण्यापिण्यातली उणीव समजून सोडून देऊ नये. अशा वेळी पोटातून किंवा आतड्यांतून सावकाश रक्त जात असण्याची शक्यता प्रथम तपासावी लागते. मूळव्याध, जठराचा व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घ वापर, अंकुशकृमी यांच्याप्रमाणेच मोठ्या आतड्याचा कर्करोगही या मार्गाने पहिल्यांदा लक्षात येऊ शकतो. पंचावन्न वर्षांच्या पुरुषाला केवळ टॉनिक देऊन हिमोग्लोबिन वाढवल्याचे समाधान मानणे ही मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत गंभीर चूक आहे.

पेशी मोठ्या असतील तर

एमसीव्ही १०० च्या वर गेला तर रस्ता वेगळा. बी-१२ जीवनसत्त्व किंवा फोलेट कमी असले की मगजातील पेशींचे विभाजन रखडते आणि पेशी मोठ्या आकाराच्या बाहेर पडतात. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळते, म्हणून काटेकोर शाकाहारी आणि दूधही फारसे न घेणाऱ्या व्यक्तींत याची कमतरता पुष्कळ आढळते. नियमित मद्यपान, यकृताचे विकार, थायरॉइडची मंदता आणि मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे यांनीही पेशी मोठ्या होतात.

लोह आणि बी-१२ दोन्ही एकाच वेळी कमी असले, तर एक कमतरता पेशी लहान करते, दुसरी मोठी करते आणि सरासरी नेमकी मर्यादेत येऊन बसते. हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही ८८ आणि आरडीडब्ल्यू १९ असा रिपोर्ट दिसला, तर एमसीव्हीच्या ‘नॉर्मल’वर विश्वास ठेवू नये. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला अभिप्राय, जो रिपोर्टच्या तळाशी दोन-तीन ओळींत लिहिलेला असतो, तो खरा उपयोगी पडतो. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असतील तर हिमोग्लोबिन चांगले असले तरी बी-१२ तपासावे, कारण मज्जातंतूंवरचा परिणाम रक्तक्षयाच्या आधीही सुरू होऊ शकतो.

पांढऱ्या पेशी: टक्के फसवतात

पांढऱ्या पेशींची एकूण संख्या प्रौढांत साधारण ४,००० ते १०,००० असते आणि तिच्याखाली पाच प्रकारच्या पेशींचे टक्के दिलेले असतात. गोंधळ या टक्क्यांमुळे होतो. समजा, विषाणूजन्य तापात एकूण पेशी ३,००० आहेत आणि लिम्फोसाइट ५५ टक्के म्हणून ठळक छापले आहेत. वाचणाऱ्याला वाटते की लिम्फोसाइट वाढले. पण ३,००० चे ५५ टक्के म्हणजे १,६५०, आणि हा आकडा पूर्णपणे नेहमीचा आहे. खरी घट दुसऱ्या ओळीत आहे: न्यूट्रोफिल ३८ टक्के, म्हणजे १,१४०, आणि हे कमी आहेत. म्हणून रिपोर्टवर ‘अ‍ॅब्सोल्यूट काउंट’ असा वेगळा भाग असेल तर टक्के सोडून तोच वाचावा, नसेल तर वरचा गुणाकार स्वतः करावा.

ढोबळ मानाने न्यूट्रोफिल वाढले तर जिवाणूंचा संसर्ग, इओसिनोफिल वाढले तर अ‍ॅलर्जी, दमा किंवा जंत यांचा विचार डॉक्टर करतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही न्यूट्रोफिल वाढतात, म्हणून चालू औषधे सांगणे आवश्यक असते.

प्लेटलेट: पावसाळ्यातली चिंता

डेंग्यूच्या दिवसांत रोज प्लेटलेट मोजल्या जातात आणि घरातले सगळे त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतात. डेंग्यूत धोका ठरवताना पीसीव्ही तितकाच, किंबहुना अधिक बोलका असतो. रक्तवाहिन्यांतून पाण्याचा भाग बाहेर झिरपू लागला की रक्त दाट होते आणि पीसीव्ही चढतो. ४० टक्के असलेला पीसीव्ही ४८ झाला, म्हणजे मूळच्या पाचव्या हिश्शाने वाढला, आणि त्याच वेळी प्लेटलेट उतरत असतील, तर रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये, मग ताप उतरलेला का असेना. धोक्याचे तास बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच येतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती यांपैकी काही असेल तर रिपोर्टची वाटही पाहू नये.

याउलट, ताप नाही, रक्तस्राव नाही, तब्येत उत्तम आणि रिपोर्टवर प्लेटलेट अचानक ४०,००० असे दिसले, तर एक निरुपद्रवी कारण आधी वगळावे. काही व्यक्तींच्या प्लेटलेट ईडीटीए रसायनात एकमेकींना चिकटतात आणि यंत्र अख्ख्या पुंजक्याला मोजतच नाही. काचपट्टीवर हे पुंजके दिसतात. मग फिकट निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत रक्त घेऊन मोजणी पुन्हा करतात.

कधी थांबू नये

हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असून ताप, किंवा अभिप्रायात ‘ब्लास्ट’ पेशींचा उल्लेख, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, काळी डांबरासारखी शौचास होणे असे असेल तर आकडा कितीही असो, घरी थांबू नये.

पुढचा रिपोर्ट वाचताना

शिक्षिकेला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि फायब्रॉइडसाठी वेगळे उपचार ठरवले. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा टाळायचा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, आणि शौचाचा रंग काळपट झाला तर तो लोहाचा आहे, डांबरासारखा चिकट मात्र नसावा, हे त्यांना समजावून सांगितले होते. चार आठवड्यांनी त्या नवा रिपोर्ट घेऊन चिंतेत परत आल्या. हिमोग्लोबिन १०.९ झाले होते, पण आरडीडब्ल्यू १८.६ वरून २२.४ वर जाऊन आणखी ठळक झाले होते. ‘हे तर वाढलं!’ त्या म्हणाल्या. ते वाढायलाच हवे होते. लोह मिळाल्यावर मगजातून नव्या, नेहमीच्या आकाराच्या पेशी येऊ लागल्या होत्या आणि जुन्या लहान पेशी अजून संपल्या नव्हत्या, त्यामुळे विषमता काही काळ वाढली. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमही चढले नसते, तर मात्र गोळ्या नियमित घेतल्या का, रक्तस्राव चालू आहे का, की निदानच चुकले, हे तपासावे लागले असते.

तिसऱ्या महिन्यात त्यांचे हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही ८४ आणि आरडीडब्ल्यू १५ आले. रिपोर्टवर जवळपास काहीच ठळक नव्हते, म्हणून गोळ्या थांबवण्याची परवानगी मागायला त्या गेल्या. डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितले. ते १९ आले. पेशींपुरते लोह मिळाले होते, साठा अजून भरायचा होता. गोळ्या आणखी तीन महिने चालू राहिल्या.